यमुनाबाईला मनोरे दिसले नाहीत

काशीत देह ठेवला की पुन्हा जन्म नाही, असं काशी मानते. शेवटच्या क्षणी शंकर स्वतः कानात तारकमंत्र सांगतो आणि जीव सुटतो. याच काशीत बसून मी काही वर्षं माणसांना त्यांचे काशीतले मागचे जन्म दाखवत होतो. गादीवर आडवं झालेलं माणूस म्हणायचं, ‘मी मणिकर्णिकेवर जळतोय.’ मी विचारायचो, ‘आता वरून काय दिसतंय?’ जो इथे जळला तो सुटला, मग हा समोर पुन्हा कसा आला, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पडला तो आमच्या शेजारच्या वैदिक काकांना. त्यांच्याकडे नंतर येतो.

आमचं घर दुर्गाघाटाच्या वरच्या अंगाला, गल्लीत. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा सगळा पट्टा अठराव्या शतकापासून मराठी माणसांचा. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर इथे स्थायिक झाले, त्यांच्या मागोमाग कोकण-देशावरची अनेक कुटुंबं आली, त्यांतलंच आमचं. घरात बोलतो मराठी, पण भाजी घेताना, भांडताना आणि हिशेब करताना हिंदीत शिरतो. महाराष्ट्रातून यात्रेला येणाऱ्यांना मराठी बोलणारा माणूस भेटला की हायसं वाटतं. माझ्या धंद्याचं निम्मं भांडवल हेच होतं. उरलेलं निम्मं म्हणजे मुंबईत काही दिवसांचा अभ्यासक्रम करून मिळवलेलं संमोहनाचं प्रमाणपत्र. ते मी चौकट करून भिंतीवर लावलं होतं. लोक मला ‘डॉक्टर’ म्हणायचे आणि मी त्यांना दुरुस्त करत नसे. ही पहिली चूक, आणि ती नकळत झालेली नव्हती.

त्या काळात हवाही तशीच होती. ब्रायन वाइस या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाचं १९८८ सालचं पुस्तक हातोहाती फिरत होतं. २००९ च्या डिसेंबरात ‘राज़ पिछले जनम का’ हा कार्यक्रम टीव्हीवर सुरू झाला आणि घरोघरच्या लोकांनी पडद्यावर माणसं झोपलेली आणि रडताना पाहिली. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्याला सत्रात काय व्हायला हवं हे आधीच ठाऊक असायचं. झोपायचं, डोळे मिटायचे, मरण बघायचं, रडायचं आणि हलकं होऊन उठायचं.

पद्धत सांगतो, कारण चुका तिच्यातच आहेत. आधी श्वास, मग पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत अंग सैल सोडवणं. मग दहापासून उलटे आकडे, प्रत्येक आकड्याला एक पायरी खाली. खाली दारांची ओळ असते, त्यातलं एक दार ‘आपोआप’ उघडतं. आत गेल्यावर ठरलेले प्रश्न येतात. पायांकडे बघा, काय घातलंय? अंगावर कपडे कुठले? पुरुष आहात की बाई? आजूबाजूला काय दिसतं? मग त्या जन्मातल्या महत्त्वाच्या प्रसंगाकडे जायचं आणि त्यानंतर शेवटच्या दिवसाकडे. तिथे एक हुकमी प्रश्न असतो: ‘तुम्हाला त्रास देणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांत बघा. या जन्मात तो कोण आहे?’ हा प्रश्न मला अभ्यासक्रमात शिकवला होता आणि मी तो जवळजवळ प्रत्येकाला विचारला.

ज्या बाईंची गोष्ट सांगतो त्या महाराष्ट्रातून आल्या होत्या, पन्नाशीच्या. नाव आणि गाव सांगत नाही. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत. यजमान जाऊन वर्ष झालं नव्हतं. गळ्याशी काहीतरी अडकल्यासारखं होई, रात्री दचकून जाग येई. डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघालं नव्हतं. घर एकत्र होतं आणि दीर-जावेशी वाटणीवरून धुसफूस चालू होती, हेही त्यांनी गप्पांच्या ओघात सांगितलं. मी ते ऐकून घेतलं आणि कुठेही लिहून ठेवलं नाही.

सत्रात त्या झाल्या यमुनाबाई, पेशवाईतली मराठी बालविधवा. काशीला आणून सोडलेली, दुर्गाघाटावरच्या वाड्यात राहणारी. डोक्यावरून लाल आलवण, हातात तांब्या. पंचगंगेवर स्नान करून वर येते, वळून नदीकडे बघते, दूरवर विश्वनाथाचा सोन्याचा कळस चमकतो. माडीवर एक करडी बाई तिला हिणवते. एका पहाटे ती बाई पायऱ्यांवर तिला मागून ढकलते, पाणी नाकातोंडात जातं, गळा आवळल्यासारखा होतो आणि सगळं संपतं. हे सांगताना बाईंचा श्वास खरोखर अडकला. डोळ्यांतून धारा लागल्या, हात गळ्याशी गेला. मीही हललो. तेव्हा मी विचारलं, ‘तिच्या डोळ्यांत बघा ताई, ती कोण आहे?’ बराच वेळ शांतता. मग उत्तर आलं, ‘ही तर आमची जाऊ.’

उठल्यावर त्यांना फार बरं वाटत होतं. पाया पडू लागल्या, मी पडूही दिलं. गळ्यातली अडचण त्या आठवड्यात नाहीशी झाली असं त्यांनी फोनवर कळवलं. मी हे प्रकरण पुढे कितीतरी लोकांना पुरावा म्हणून सांगितलं. बाई पहिल्यांदाच काशीला आलेल्या आणि पंचगंगेचं नाव घेतात, आलवणाचा रंग सांगतात, याहून आणखी काय हवं, असं मी म्हणायचो.

सत्रांचं ध्वनिमुद्रण मी ठेवत असे. सत्राला आलेल्याला एक प्रत, माझ्याकडे एक. बराच काळ ते परत कोणी ऐकलं नाही, मीही नाही. ऐकलं ते एका वेगळ्याच कारणाने. बाईंच्या मुलाचा फोन आला. आईने काकूशी बोलणं तोडलंय, तिच्या हातचं पाणी घेत नाही, वाटणीचं प्रकरण आता वकिलाकडे गेलंय. ‘सर, आईला नेमकं काय दिसलं ते मला ऐकायचंय. आईकडची प्रत तिने कुठे ठेवलीय ते सांगत नाही.’ आईच्या परवानगीशिवाय प्रत देता येणार नाही असं मी म्हणालो. त्या दिवशी बहुधा एवढं एकच मी नीट केलं. पण संध्याकाळी दार लावून स्वतः ऐकायला बसलो.

वही घेतली आणि प्रत्येक तपशील आधी कोणाच्या तोंडून आला ते लिहीत गेलो. बाईंचे स्वतःचे पहिले शब्द होते: ‘अंधार... थंड आहे... पाणी.’ मग त्या म्हणाल्या, ‘पायऱ्या आहेत.’ त्यावर माझा आवाज: ‘घाटाच्या पायऱ्या आहेत का?’ त्या: ‘हो.’ मी: ‘कुठला घाट? पंचगंगा?’ त्या: ‘पंचगंगा.’ थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘लाल काहीतरी आहे, डोक्यावर.’ मी: ‘लाल आलवण? म्हणजे केस काढलेले आहेत?’ इथे लांबच लांब शांतता, मग रडं. वैधव्य मी दिलं. आणि दिलं कोणाला, तर दहा महिन्यांपूर्वी विधवा झालेल्या बाईला! काळ विचारला तर त्यांनी ‘खूप जुना’ म्हटलं. मी विचारलं, ‘पेशवे कोण?’ म्हणजे पेशवाईही माझीच. उत्तर आलं, ‘माधवराव.’ यमुना हे नाव मात्र त्यांचं होतं. ‘ढकललं’ हे त्यांचं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या ‘मी पडते’, आणि मी विचारलं होतं, ‘कोणी ढकललं?’

तो एक शब्द ऐकल्यावर मी मुद्रण थांबवलं. ‘पडलात कशा’ असं विचारलं असतं तर शेवाळावरून पाय घसरला असता, आणि एका घरातल्या दोन जावा आज बोलत असत्या.

यानंतर जे शोधलं ते मला पहिल्याच दिवशी करता आलं असतं, कारण शोधायची जागा माझ्या खिडकीतून दिसते. पंचगंगेच्या वर औरंगजेबाच्या काळात बांधलेली मशीद आहे, बिंदुमाधवाचं जुनं देऊळ होतं तिथे. तिला दोन अतिशय उंच मनोरे होते. गावातले लोक त्यांना ‘माधवराय का धरहरा’ म्हणत. जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० काशीच्या टांकसाळीत होता. त्याने या मनोऱ्यांची डागडुजी केली आणि आपल्या काशीच्या चित्रसंग्रहात ते काढले. त्या काळातलं नदीकडून काढलेलं काशीचं कुठलंही चित्र घ्या, डोळा आधी या दोन मनोऱ्यांवर जातो. १९४८ साली त्यांतला एक कोसळला, नंतर दुसराही उतरवला. आज मशीद आहे, मनोरे नाहीत.

पेशवाईतली यमुनाबाई पंचगंगेवर रोज स्नान करते. ती वर येते, मान वळवते, सगळा किनारा बघते आणि तिला मनोरे दिसत नाहीत. डोक्यावर उभे असलेले, गावात कुठूनही दिसणारे मनोरे! तिला दिसतो आजचा किनारा, पर्यटकांच्या होडीतून दिसतो तसा.

सोन्याच्या कळसाचंही तेच. विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी बांधलं, १७८० मध्ये ते पुरं झालं. शिखरावरचं सोनं रणजितसिंहांनी दिलं, ते १८३० च्या दशकात. म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर. आता माझी लबाडी बघा. बाई नुसतं ‘माधवराव’ म्हणाल्या होत्या. मराठी माणसाच्या मनात त्या नावाला आधी थोरले माधवराव येतात, रणजित देसाईंच्या ‘स्वामी’मुळे तर नक्कीच. पण थोरले माधवराव १७७२ मध्ये गेले आणि तेव्हा अहिल्याबाईंचं देऊळच नव्हतं. म्हणून सत्रानंतरच्या टिपणात मी ‘सवाई माधवराव, अंदाजे १७९०’ असं लिहून टाकलं होतं. देऊळ जुळलं. सोनं जुळत नाही हे लक्षात आलं नाही, कारण मी जुळणाऱ्या गोष्टीच शोधत होतो. मुद्दाम खोटं लिहितोय असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही. मी ‘अर्थ लावत’ होतो.

राहिला प्रश्न, हे सगळं आलं कुठून. बाईंना फोन केला, त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. सत्राच्या आदल्या संध्याकाळी अस्सीपासून होडीने वरपर्यंत फेरी झाली होती. नावाडी प्रत्येक घाटाचं नाव सांगत होता. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट ही नावं त्यात आलीच. सोन्याचा कळस त्या दिवशी सकाळी दर्शनाला पाहिला. लहानपणी त्यांच्या आजोळी एक आलवणातली म्हातारी होती, आजीची चुलत नणंद. नाव यमुनाआत्या. हे सांगताना त्या स्वतःच थांबल्या. ‘अगबाई,’ म्हणाल्या, ‘ती तर मला आठवतच नव्हती.’

मानसशास्त्रज्ञ याला लपलेली स्मृती म्हणतात. माहिती राहते, ती कुठून आली याची खूण पुसली जाते. मग तीच माहिती परत वर आली की नवी आणि आतून आलेली वाटते. फिनलंडमधले मनोविकारतज्ज्ञ रेइमा काम्पमन यांनी यावर साधा उपाय केला. शाळकरी मुलांना संमोहनात मागचे जन्म सांगायला लावले. काही वर्षांनी त्यांतल्या काहींना पुन्हा संमोहित करून विचारलं, ही गोष्ट तुला पहिल्यांदा कुठे भेटली? एका मुलीने ‘मागच्या जन्मात’ एक फार जुनं इंग्रजी गाणं म्हटलं होतं. ते तिने वाचनालयात चाळलेल्या एका पुस्तकात पाहिलं होतं. मला जो प्रश्न फोनवर सुचला तो काम्पमन यांनी १९७० च्या दशकात पद्धत म्हणून वापरला होता. माझ्या अभ्यासक्रमात त्याचा उल्लेख नव्हता.

मला सगळ्यांत जास्त चकवलं ते बाईंच्या रडण्याने. एवढा अडकलेला श्वास आणि धारा खोट्या कशा असतील? त्या खोट्या नव्हत्याच. पतीच्या मरणाचं दुःख खरं होतं, त्याला यमुनाबाईच्या बुडण्याचा प्रसंग मिळाला. आठवण म्हणजे कुठेतरी ठेवलेली चित्रफीत नसते. दर वेळी ती तुकड्यांतून नव्याने जुळवली जाते आणि त्या तुकड्यांत ऐकलेलं, वाचलेलं, कल्पिलेलं आणि नुकतंच विचारलेलं सगळं सारख्याच हक्काने शिरतं. डोळे मिटून शांतपणे एखादी गोष्ट बारकाव्यांसह कल्पिली की तिच्यात रंग, थंडी, वास भरतात. आणि खरी आठवण ओळखायची मनाची खूण हीच असते, बारकावे आहेत का? संमोहनात भर पडते ती खात्रीची. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या परिषदेने १९८५ मध्ये तपासून सांगितलं की संमोहनात आठवलेलं एरवीपेक्षा जास्त अचूक नसतं, उलट कमी भरवशाचं असू शकतं.

कॅनडात निकोलस स्पॅनोस आणि सहकाऱ्यांनी थेट माझ्यासारख्या सत्रांवरच प्रयोग केले, १९९१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना संमोहित करून मागच्या जन्मात नेलं आणि मग तपासता येतील असे प्रश्न विचारले. राज्य कोणाचं, नाणं कुठलं, देश युद्धात आहे की शांततेत? उत्तरं बहुतेक चुकली. एक जण १९४० चा जपानी वैमानिक झाला होता, त्याला सम्राटाचं नाव सांगता येईना आणि जपान युद्धात आहे हेही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या एका प्रयोगात काही जणांना आधीच सांगून ठेवलं की जुन्या काळी मुलांना फार मारझोड होई. त्यांच्या मागच्या जन्मांत मारझोड जास्त निघाली. आपला जन्म खरा होता असं कोणाला वाटलं? ज्यांचा आधीपासून पुनर्जन्मावर विश्वास होता त्यांना.

हार्वर्डमधल्या संशोधकांचा २००९ चा एक प्रयोग घरी करून बघता येतो. अंथरूण, उशी, पांघरूण, जांभई, डुलकी, घोरणं, रात्र, स्वप्न असे शब्द कोणाला तरी वाचून दाखवा आणि थोड्या वेळाने आठवतील ते लिहायला सांगा. बरेच लोक ‘झोप’ लिहितात. तो शब्द यादीत नसतो. मागचा जन्म आठवतो म्हणणाऱ्यांनी असे नसलेले शब्द इतरांपेक्षा जास्त लिहिले. मी स्वतः ही परीक्षा दिली. ‘झोप’ लिहिलंच, शिवाय ते वाचणाऱ्याच्या आवाजात ऐकल्याचंही मला आठवत होतं.

एवढं झाल्यावर मी वैदिक काकांकडे गेलो. अपेक्षा अशी की मानसशास्त्र नाही म्हणतं तर परंपरा तरी माझी बाजू घेईल. काका संहिता घोकवण्यात आयुष्य गेलेले. माझी हकिगत ऐकून ते आधी हसले. ‘अरे, काशीत मेली ना ती? मग परत आली कशी? विश्वनाथ कानात सांगायला विसरला का?’ मी म्हणालो, अपमृत्यू होता, ढकललं होतं. ‘इथे मेला तो सुटला. उरलंसुरलं पाप कालभैरव तिथल्या तिथे भोगून घेतो, त्यालाच भैरवी यातना म्हणतात. अपमृत्यू असेल तर पिशाचमोचनावर त्रिपिंडी आहे. तिथे कोणी तुला गोष्ट विचारत नाही, नाव-गोत्र नसलं तरी पिंड पडतो.’

मग जरा गंभीर होऊन ते पतंजलींकडे वळले. विभूतिपादात पूर्वजन्माच्या ज्ञानाचं सूत्र आहेच, ते माझ्या माहितीपत्रकावरही छापलेलं होतं. काकांनी विचारलं, त्यात अट काय आहे? संस्कारांवर संयम केला तर. संयम म्हणजे धारणा, ध्यान, समाधी, तिन्ही एकाच ठिकाणी. ‘तुझ्या गादीवर दहापासून एकपर्यंत आकडे मोजून हे होतं का? आणि त्याच पादात पुढे सांगितलंय की असल्या सिद्धी समाधीच्या आड येतात, ते छापलं होतंस का?’ छापलं नव्हतं. गीतेत भगवान अर्जुनाला म्हणतात की आपल्या दोघांचे पुष्कळ जन्म झाले, ते मला ठाऊक आहेत, तुला नाहीत. ‘अर्जुनाला ठाऊक नाहीत,’ काका म्हणाले, ‘आणि तुझ्याकडे फी भरणाऱ्याला पाऊण तासात ठाऊक होतात.’

काकांचा पुनर्जन्मावर पूर्ण विश्वास आहे. मानसशास्त्रज्ञांना तो विश्वास लागत नाही. यमुनाबाईच्या बाबतीत मात्र दोघांचं मत एकच पडलं, ती कारणं वेगळी असूनही. पुढे सारनाथला आणि भेलूपूरच्या जैन मंदिरात जाऊन विचारलं, तिथेही काकांसारखीच उत्तरं मिळाली. बौद्धांकडे पूर्वनिवासाचं स्मरण बुद्धाला बोधीच्या रात्री झालं. जातककथांतल्या कितीतरी गोष्टी वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाच्या काळात घडतात, पण तो जन्म कोणाचा होता हे सांगायचा अधिकार बुद्धाचा. जैन जातिस्मरण मानतात, पार्श्वनाथ आणि कमठ यांचं वैर कितीतरी जन्म चालतं, पण ते सांगायचं ते वैर सोडावं म्हणून. वैरी ओळखून त्याच्यावर दावा ठोकावा म्हणून मागचा जन्म बघायचा, ही सोय कुठल्याच परंपरेत नव्हती. ती माझ्या त्या हुकमी प्रश्नात होती.

याच गावाशी जोडलेलं एक प्रकरण आहे, ते मी आधी वाचलं असतं तर निदान टिपणं तरी नीट ठेवली असती. बरेलीत के. के. एन. सहाय नावाचे वकील होते. १९२६ मध्ये त्यांचा साडेतीन वर्षांचा मुलगा जगदीशचंद्र सांगू लागला की माझं घर बनारसला आहे, माझं नाव जयगोपाल, वडील बाबूजी पांडे. घराला मोठं फाटक आहे, तळघरात भिंतीत लोखंडी तिजोरी आहे, संध्याकाळी अंगणात लोक भांग पितात. वकीलसाहेबांनी काय केलं? मुलाला घेऊन ते काशीला धावले नाहीत. आधी अलाहाबादच्या ‘लीडर’ वर्तमानपत्रात पत्र छापून मुलाचं सगळं म्हणणं मांडलं आणि लोकांना पडताळायची विनंती केली. काशीहून उत्तरं आली की पांडेघाटाजवळ असं घर आणि असा गृहस्थ आहे. मग मुलाचा जबाब दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवून घेतला. इतकं झाल्यावर ऑगस्टमध्ये त्याला काशीला आणलं.

संमोहन नाही, आकडे नाहीत, दारं नाहीत. मूल जागेपणी बोलत होतं, आणि बोललेलं पडताळणीच्या आधी कागदावर आलेलं होतं. व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयान स्टीव्हन्सन यांनी पुढे या प्रकरणाचा पुन्हा तपास केला आणि भारतातल्या दहा प्रकरणांच्या १९७५ च्या ग्रंथात ते घातलं, ते मुख्यतः याच कारणासाठी. शंका इथेही उरतात. मुलाचं म्हणणं ऐकणारे, निवडून लिहिणारे वडीलच. बरेलीच्या वकिलाच्या घरात काशीच्या बड्या घरांच्या गप्पा कधीच झाल्या नसतील असं छातीठोक कोण सांगेल? पण इथे शंका घ्यायला निदान जागा आहे, कारण काय आधी म्हटलं आणि काय नंतर कळलं हे वेगळं करता येतं. माझ्या टिपणात ते दोन्ही एकाच ओळीत होतं.

मला टाळायचा होता तो भाग असा. ज्या स्टीव्हन्सनचं नाव माझ्यासारखे सत्रवाले आधाराला घेतात, ते स्वतः संमोहनाने मागचे जन्म काढण्याच्या विरुद्ध होते. १९९४ मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. माझ्याकडे येणारे मराठी लोक नागपूरच्या उत्तरा हुद्दार यांचं नाव हटकून काढत. १९७४ पासून त्यांच्यात मधूनमधून बंगाली बोलणारी शारदा प्रकट होई आणि स्टीव्हन्सन, सतवंत पसरिचा, आकोलकर या सगळ्या संशोधकांनी त्यावर लिहिलं. उत्तराबाई शाळेत थोडं बंगाली शिकल्या होत्या, तेवढ्याने ते बोलणं उलगडतं की नाही यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण तेही संमोहनाचं प्रकरण नव्हे. त्याचा दाखला देऊन माझी फी वाजवी ठरत नव्हती.

गळ्याची अडचण गेली त्याचं काय, असं मला अजून विचारतात. कोणीतरी पाऊण तास शांतपणे ऐकून घेतलं, मनसोक्त रडू दिलं, याने बरं वाटतं. वर्ष न झालेल्या विधवेला घरात तेवढी उसंत मिळाली नव्हती. त्यासाठी यमुनाबाईची गरज नव्हती, जावेची तर नव्हतीच. काही महिन्यांनी अडचण परत आली. तेव्हा मी त्यांना दुःखावर समुपदेशन करणाऱ्या प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाचा पत्ता दिला. मुद्रणात कुठला शब्द कोणाचा होता ते वहीतून उतरवून, सही करून त्यांना पाठवलं. त्यांनी ते वाचलं आणि फोनवर एवढंच म्हणाल्या, ‘सर, मग मला ती दिसली कशी?’ दिसली हे खरं होतं. मी काय बोललो ते आठवतं, पण ते त्यांना पटलं नाही. डोळ्यांनी बघितलेलं माझ्या वहीतल्या रकान्यांनी पुसलं जात नाही, हे मला तिथे कळलं. जावेशी बोलणं सुरू झाल्याचं मला अजून कळलेलं नाही.

सत्रं मी बंद केली आहेत. चौकटीतलं प्रमाणपत्र काढलं, पण ‘डॉक्टरसाहेब’ अजून गल्लीत ऐकू येतं. आता मी प्रत्येक वेळी दुरुस्त करतो, लोकांना तो विनय वाटतो.

तुम्ही कुठे सत्राला जाणारच असाल, तर माझी विनंती एवढीच. आदल्या दिवशी त्या गावाबद्दल, त्या काळाबद्दल आणि घरातल्या भांडणांबद्दल जे काही ठाऊक आहे ते कागदावर लिहा आणि तारीख घाला. सत्राचं पूर्ण ध्वनिमुद्रण मागा, देत नसतील तर परत या. नंतर ते ऐकताना तुमचा आवाज सोडून विचारणाऱ्याचे प्रश्न तेवढे उतरवून काढा. आणि ‘या जन्मात तो कोण आहे’ हा प्रश्न आला, तर उत्तर न देता डोळे उघडा आणि उठून बसा.